पाळी कुणाची होती?

कोड लिहून झालेला असतो. चाचण्या पास झालेल्या असतात. सकाळच्या स्टँडअपमध्ये "झालंय, रिव्ह्यूला आहे" असं सांगितलेलंही असतं. तरीही तो बदल ग्राहकाच्या फोनपर्यंत पोचायला आणखी दहा-बारा दिवस लागतात आणि त्या दिवसांत नेमकं काय चाललं होतं, हे टीममधल्या कुणालाच धड सांगता येत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे इतकं नेहमीचं आहे, की त्याचा शोध घ्यायला मुद्दाम एक बैठक बोलवावी असं फार थोड्यांना सुचतं. ती बैठक कशी घ्यावी, तिच्यात कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणते टाळावेत, हा या लेखाचा विषय.

आधी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. एखाद्या ॲपचा कोड एका सामाईक ठिकाणी ठेवलेला असतो आणि त्यावर अनेक जण एकाच वेळी काम करतात. प्रत्येक जण स्वतःची वेगळी प्रत, म्हणजे ब्रँच, काढून तिच्यात बदल करतो. बदल पुरे झाले की "हे पाहा आणि मूळ कोडमध्ये घ्या" अशी विनंती टाकतो. हीच पुल रिक्वेस्ट. रोजच्या बोलण्यातला 'पीआर'. दुसरा कुणी तो कोड वाचतो, शंका विचारतो, दुरुस्त्या सुचवतो आणि शेवटी मान्यता देतो. मग तो बदल मूळ कोडमध्ये मिसळला जातो; त्याला मर्ज म्हणतात. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये गिट ही प्रणाली लिहिली, २००८ मध्ये गिटहब सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत जगभरच्या टीमनी उचलली.

दुसऱ्याचा कोड तपासण्याची चाल मात्र त्याच्या कितीतरी आधीची. आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची एक शिस्तबद्ध रीत मांडली होती. तिच्यात माणसं ठरल्या वेळी एका खोलीत बसत, प्रत्येकाची भूमिका ठरलेली असे, आणि बैठक ठरवण्यापासून सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्या की नाहीत हे पाहण्यापर्यंतची जबाबदारी मॉडरेटर नावाच्या एका माणसावर असे. ती रीत जड होती, म्हणून मागे पडली. पुल रिक्वेस्टमुळे प्रत्येकाला आपल्या सवडीने कोड वाचता येऊ लागला. पण त्याबरोबर मॉडरेटरही गेला. काम कुणाकडे अडकलंय हे पाहणारं माणूसच उरलं नाही. आजचे पीआर पडून राहण्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. ते कुठल्या एका कंपनीतलं नाही, समजावण्यासाठी रचलेलं आहे. पण त्यातली प्रत्येक पायरी या क्षेत्रातल्या माणसाला ओळखीची वाटेल. सात जणांची टीम, पाच पुण्यात आणि दोन बॉस्टनमध्ये. काम, बसची तिकिटं विकणारं ॲप. पुण्यातल्या एका मुलीने रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा मोजण्याची नवी पद्धत लिहिली. गुरुवारी संध्याकाळी ५:४० ला तिने पीआर टाकला. बदललेल्या ओळी ६४०, फायली २३. पैशांशी संबंधित कोड असल्यामुळे `CODEOWNERS` या फाइलमधल्या नियमाप्रमाणे रिव्ह्यूची विनंती आपोआप 'पेमेंट्स' गटाला, म्हणजे उरलेल्या सहाही जणांना गेली.

शुक्रवारी काहीच झालं नाही. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी दुपारी तिने चॅटवर आठवण केली. एका सीनियर सहकाऱ्याने पीआर उघडला, आकार पाहिला आणि "उद्या शांतपणे बघतो" म्हणून बंद केला. मंगळवारी सकाळी ११ वाजता त्याने १४ टिप्पण्या टाकल्या. त्यातल्या नऊ रिकाम्या जागा, नावं आणि मांडणीबद्दल होत्या, चार साध्या शंका होत्या आणि एक खरोखर महत्त्वाची होती: भाड्याचे अर्धे पैसे वॉलेटमधून आणि अर्धे कार्डाने भरले असतील, तर परताव्यात पैशांची गोळाबेरीज चुकते.

तोवर ती दुसऱ्या कामात शिरली होती. उत्तरं आणि दुरुस्त्या गुरुवारी दुपारी १२ ला गेल्या. त्यानंतर पुन्हा शांतता. पुढच्या सोमवारी मॅनेजरने विचारलं तेव्हा दुपारी ३ वाजता सीनियरने कोड पुन्हा पाहून मान्यता दिली. पण इतक्या दिवसांत मूळ कोड पुढे गेलेला, त्यामुळे मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला. तो सोडवून तिने नवा बदल चढवला, तशी आधीची मान्यता नियमाप्रमाणे आपोआप रद्द झाली. मंगळवारी सकाळी ती परत मिळाली आणि ११:३० ला पीआर मर्ज झाला.

गुरुवार संध्याकाळ ते पुढच्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार: एकूण २८१ तास ५० मिनिटं. यात दोघांनी मिळून प्रत्यक्ष काम केलं ते चारेक तास. बाकी सगळी वाट पाहणं.

अशा पीआरवर टीमची मागे वळून पाहण्याची बैठक, म्हणजे रेट्रो, घ्यायची तर पहिलं काम बैठकीच्या आधीच करावं लागतं. ते काम म्हणजे नोंदी काढणं. त्या काढल्या नाहीत तर पहिल्या पाच मिनिटांत "बॉस्टनच्या वेळेमुळे उशीर होतो" असं कुणीतरी म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि बैठक तिथेच संपल्यासारखी होते. गिटहबकडे प्रत्येक पीआर कधी उघडला, कधी मर्ज झाला, किती ओळी बदलल्या याची नोंद असतेच. ती एका आज्ञेने मिळते:

```
gh pr list --state merged --limit 100 \
  --json number,title,createdAt,mergedAt,additions,deletions
```

एखाद्या पीआरवर कुणी कधी मत दिलं, नवे बदल कधी चढले हे हवं असेल, तर त्याच्या क्रमांकाने विचारायचं:

```
gh pr view 412 --json reviews,commits
```

शंभर पीआरची यादी भिंतीवर लावण्यात मात्र अर्थ नाही. पाच निवडावेत: सगळ्यांत रेंगाळलेले दोन, मध्यम गतीचा एक, झटपट झालेला एक, आणि अजून उघडाच असलेला एक. झटपट झालेला विसरू नये. तिथे काय वेगळं घडलं हे पाहिल्याशिवाय रेंगाळलेल्यांचं कारण नीट कळत नाही. आणि उघडा राहिलेला घेतला नाही तर सगळ्यांत जुनं दुखणं हिशेबातून सुटतं, कारण मर्ज न झालेला पीआर मर्ज झालेल्यांच्या यादीत कधी येतच नाही.

सरासरीवर विसंबू नये हेही आधीच सांगायला हवं. फेसबुकची पालक कंपनी मेटा हिने आपल्या अनुभवाबद्दल २०२२ मध्ये लिहिलं होतं. तिथे अर्ध्या बदलांचा रिव्ह्यू काही तासांतच उरकत होता, आकडा दिसायला चांगला होता. पण सर्वांत हळू चाललेल्या पाव भागातले बदल दिवसभर आणि त्याहून जास्त अडकत होते, आणि इंजिनियरांची नाराजी जुळत होती ती या शेवटच्या पाव भागाशी. टीमने स्वतःचे पीआर वेळेनुसार ओळीत लावले आणि शेवटचा चौथा हिस्सा तेवढा वेगळा पाहिला, तरी बरंच काही उघड होतं.

बैठकीला सव्वा तास पुरतो. पहिली पाच मिनिटं एका नियमाला द्यायची. नॉर्मन कर्थ यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात तो मांडला आणि तेव्हापासून रेट्रोच्या सुरुवातीला तो वाचला जातो. सार असं, की त्या वेळी जे माहीत होतं आणि जी साधनं हाताशी होती त्यांत प्रत्येकाने आपल्याकडून चांगलंच काम केलं, असं धरून आपण बोलणार आहोत. इथे तो नुसता शिष्टाचार नाही. पीआरच्या नोंदीत प्रत्येक उशिरापुढे माणसाचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे ही बैठक आरोपपत्र व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच बैठक चालवणारा माणूस मॅनेजर किंवा टीम लीड नसलेला बरा. शेजारच्या टीममधून कुणाला बोलावलं तर उत्तम.

पुढची वीस मिनिटं भिंतीवर. प्रत्येक पीआरची एक आडवी रेघ काढायची आणि तिचे चार तुकडे करायचे: पीआर टाकल्यापासून पहिलं मत येईपर्यंत, पहिल्या मतापासून दुरुस्त्या चढेपर्यंत, दुरुस्त्यांपासून मान्यतेपर्यंत आणि मान्यतेपासून मर्जपर्यंत. परताव्याच्या पीआरचे तुकडे असे पडतात: ११३ तास २० मिनिटं, ४९ तास, ९९ तास, २० तास ३० मिनिटं. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात एकेक शनिवार-रविवार आहे. ते वगळले तरी ६५ आणि ५१ तास उरतात.

हे चार आकडे दिसताच बोलण्याचा सूर पालटतो. सगळ्यांच्या मनात तक्रार असते ती "कुणी बघतच नाही" अशी, म्हणजे पहिल्या तुकड्याची. पण तिसरा तुकडा जवळपास तेवढाच मोठा आहे आणि त्याच्याबद्दल स्टँडअपमध्ये एक शब्द निघालेला नसतो. शिवाय या पीआरवर बॉस्टनच्या एकाही माणसाने काही केलं नव्हतं. टाकणारी पुण्यातली, पाहणाराही पुण्यातला. घड्याळाचं कारण इथे लागूच पडत नाही.

यानंतरची पंचवीस मिनिटं प्रश्नांची. सगळ्यांत कामाचा प्रश्न साधा आहे: या क्षणी पाळी कुणाची आहे असं तुला वाटत होतं? तो रेघेवरच्या प्रत्येक लांब रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारायचा, आणि उत्तर आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, मग वाचून दाखवायचं. लिहून घेण्याचं कारण असं, की पहिल्या बोलणाऱ्याचं उत्तर ऐकलं की बाकीच्यांची आठवण त्याच्याशी जुळवून घेते.

शुक्रवारच्या जागेवर विचारलं तर सहा चिठ्ठ्यांवर साधारण एकच मजकूर निघतो: "कुणीतरी दुसरं बघेल." विनंती गटाला गेली होती, त्यामुळे ती सहाही जणांना दिसली आणि एकालाही आपली वाटली नाही. दोन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध झेल पडतो, तसं. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं, की मदतीची गरज असलेला माणूस अनेकांना दिसतो तेव्हा त्यातला प्रत्येक जण पुढे येण्याची शक्यता घटते. मेटामध्ये हाच धागा कोड रिव्ह्यूला लावून पाहिला गेला. गटाला गेलेल्या विनंतीवर यंत्रणेने एका व्यक्तीचं नाव जबाबदार म्हणून नेमलं, तेव्हा रिव्ह्यूत जाणारा वेळ ११.६ टक्क्यांनी कमी झाला. माणसं तीच, कोडही त्याच प्रकारचा. फरक एका नावाचा.

तिसऱ्या तुकड्यावर हाच प्रश्न विचारला की त्याहून बोलकी उत्तरं येतात. मुलीच्या चिठ्ठीवर असतं: "मी दुरुस्त्या केल्या, पाळी त्याची." सीनियरच्या चिठ्ठीवर: "मी मतं दिली, पाळी तिची." दोघंही प्रामाणिक. घोटाळा कुठे झाला ते गिटहब कसं चालतं यात दडलेलं आहे. रिव्ह्यूअरने मत नोंदवलं की तो पीआर त्याच्या "रिव्ह्यू मागितलेले" या यादीतून निघून जातो. टाकणाऱ्याने नवे बदल चढवले म्हणून तो परत त्या यादीत येत नाही; त्यासाठी रिव्ह्यूअरच्या नावाशेजारचं गोल बाणांचं चिन्ह दाबून पुन्हा विनंती करावी लागते. तिने ते दाबलं नव्हतं. सूचनेचा एक ईमेल गेला असेल, पण दिवसाला अशा पन्नास ईमेलच्या ढिगात तो कुणी पाहतं? ९९ तास एका न दाबलेल्या चिन्हामुळे गेले, आणि बैठक झाली नसती तर दोघांच्याही मनात समोरच्याबद्दल किंचित आकस राहिला असता.

दुसरा प्रश्न सीनियरसाठी: सोमवारी पीआर उघडून बंद केलास, तेव्हा काय दिसलं? हा प्रश्न "का बंद केलास" असा विचारू नये. "का" म्हटलं की माणूस बचाव करू लागतो, "काय दिसलं" म्हटलं की आठवू लागतो. उत्तर बहुधा असं येतं: २३ फायली दिसल्या, त्यातल्या निम्म्या नुसत्या नाव बदललेल्या होत्या, परताव्याचं मुख्य सूत्र कुठे आहे ते कळेना, आणि वर्णनात एकच ओळ होती, "रिफंड लॉजिक". त्याच्याकडे तेव्हा वीस मिनिटं होती. समोरचं काम तासाभराचं दिसत होतं.

आकाराबद्दल गूगलचे आकडे डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहेत. तिथल्या सुमारे ९० लाख बदलांवर आधारलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम आकाराचा बदल २४ ओळींचा होता, एक तृतीयांशाहून जास्त बदल एकाच फाइलपुरते होते आणि निम्म्या बदलांचा रिव्ह्यू चार तासांच्या आत पुरा होत होता. गूगलची साधनं आणि सवयी निराळ्या आहेत, त्यामुळे हे आकडे उचलून पुण्यातल्या सात जणांच्या टीमवर लादण्यात हशील नाही. मात्र बैठकीत विचारण्यासारखं पुढचं त्यातून सुचतं: हाच पीआर तुकड्यांत टाकायचा असता तर कसा टाकला असता? इथे उत्तर सरळ होतं. फायलींची नावं आणि जागा बदलणं हा एक पीआर, ज्यात वागणूक जराही बदलत नाही आणि जो पाच मिनिटांत पाहून होतो. परताव्याचं सूत्र आणि त्याच्या चाचण्या हा दुसरा, साधारण दीडशे ओळींचा, ज्यावर सगळं लक्ष एकवटायचं. पडद्यावर दिसणारा बदल हा तिसरा. वॉलेट आणि कार्डाची चूक त्या दुसऱ्या तुकड्यात कितीतरी लवकर सापडली असती.

१४ पैकी नऊ टिप्पण्या रिकाम्या जागांवर गेल्या, याकडेही इथेच थांबून पाहायला हवं. विचारायचं असं: यातली कोणती टिप्पणी यंत्राने केली असती? कोडची मांडणी आपोआप सरळ करणारी साधनं बहुतेक भाषांसाठी आहेत आणि ती पीआर टाकण्याआधीच चालवता येतात. त्यामुळे वेळ थोडाच वाचतो. पण १४ टिप्पण्यांचा ढीग पाहून टाकणाऱ्याचं मन उत्तर द्यायला जे कचरतं, ते कचरणं थांबतं. दुसऱ्या तुकड्यातल्या ४९ तासांमागे ते होतंच.

काही प्रश्न अवघड असतात आणि नेमके तेच गाळले जातात. त्यातला एक: आठवण करून द्यायला कुणाला संकोच वाटला? आपल्याकडच्या टीममध्ये सगळे एकमेकांना नावाने हाक मारत असले, तरी वय आणि अनुभवाचा मान मनात असतो. नोकरीला लागून वर्ष झालेली मुलगी बारा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला शुक्रवारी सकाळी "बघितलंत का?" असं विचारत नाही; सोमवार दुपारपर्यंत थांबते. हे उत्तर चारचौघांत तोंडी येणार नाही, म्हणून तेही निनावी चिठ्ठीवर घ्यावं. आणि त्यावरचा उपाय "धीट व्हा" हा नव्हे. आठवण करण्याचं काम माणसाकडून काढून घ्यायचं: एक कामाचा दिवस मत न आलेल्या पीआरची यादी रोज सकाळी चॅटवर आपोआप पडू द्यायची. यंत्राने केलेल्या आठवणीत कुणाचा अवमान नसतो. मेटानेही अशी आपोआप आठवण करणारी योजना आणली होती. तिच्यामुळे तीन दिवसांहून जास्त अडकलेल्या बदलांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी उतरलं, असं त्यांनी नोंदवलं आहे.

दुसरा अवघड प्रश्न कामाच्या मोजमापाचा. रिव्ह्यू करायला बसला असतास तर तुझं कोणतं काम मागे पडलं असतं, आणि ते कुणी मोजलं असतं? बहुतेक टीममध्ये स्प्रिंटच्या शेवटी मोजलं जातं ते प्रत्येकाने स्वतःची किती कामं पुरी केली. दुसऱ्याचा कोड वाचण्यात घालवलेली दुपार त्या हिशेबात कुठेच येत नाही. अशा ठिकाणी रिव्ह्यू लांबणं हा आळस नाही. माणसं मोजलं जाणारं काम आधी करतात. गूगलची जाहीर मार्गदर्शिका याबाबतीत समंजस आहे: हातात एकाग्रतेचं काम असेल तर ते मोडू नका, पण कामातल्या पुढच्या विरामात रिव्ह्यू घ्या, आणि पहिला प्रतिसाद जास्तीत जास्त एका कामाच्या दिवसात द्या. त्यातला 'प्रतिसाद' हा शब्द महत्त्वाचा. पूर्ण रिव्ह्यू जमला नाही तरी "उद्या दुपारी पाहीन" एवढं कळवलं, की टाकणाऱ्याला आपला दिवस आखता येतो.

मॅनेजर बैठकीत असेल तर हा प्रश्न त्याच्याकडेच वळवावा, आणि उत्तराची वाट पाहावी.

मग टाकणारी वाट पाहत असताना काय करत होती? नवं काम घेत होती, सगळे घेतात. इथे रांगांच्या गणिताचा एक नियम उपयोगी पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: रांगेत सरासरी जितके जण उभे असतात, त्या संख्येला दर दिवशी बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येने भागलं, की प्रत्येकाला सरासरी किती दिवस थांबावं लागतं ते मिळतं. या टीममध्ये कधीही पाहावं तर १८ पीआर उघडे आणि दिवसाला दोन मर्ज होतात असं धरलं, तर प्रत्येक पीआरचं सरासरी आयुष्य नऊ कामाचे दिवस. मर्जचा वेग तोच राहिला आणि उघडे पीआर सहावर आणले, तर तीन दिवस. हा हिशेब रांग फार वाढत-घटत नसेल तेव्हाच खरा धरावा. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते: वाट पाहताना नवा पीआर टाकला की स्वतःसकट सगळ्यांचीच वाट लांबते, आणि त्याच वेळात दुसऱ्याचा एक पीआर पाहून टाकला की ती घटते.

विचारू नये असाही एक प्रश्न आहे: कुणाचा रिव्ह्यू सगळ्यांत उशिरा येतो? नोंदींतून नावांची क्रमवारी काढणं अगदी सोपं असतं आणि मोह होतोही. पण ती भिंतीवर लागली की आठवड्याभरात रिव्ह्यू झपाट्याने होऊ लागतात, कारण ते वाचून होत नाहीत. पाचशे ओळींच्या पीआरला तीन मिनिटांत, एकही प्रश्न न विचारता मान्यता मिळू लागली, की समजावं घड्याळ जिंकलं आणि तपासणी संपली. मेटाने वेळ कमी करताना रिव्ह्यूअर कोडवर प्रत्यक्ष किती वेळ नजर ठेवतो हेही मोजलं, ते यासाठीच. तो वेळ घटू लागला असता तर वेग वाढवण्याचे उपाय मागे घ्यावे लागले असते. शिवाय उशिराच्या यादीत वर येणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याच्याकडे सगळे आपला अवघड कोड पाठवतात. त्याच्यावर ठपका ठेवला तर तो टाळायला शिकतो, आणि वॉलेटची चूक पकडणारा टीममध्ये कुणी उरत नाही.

राहिलेली पंचवीस मिनिटं ठरवण्याची. प्रश्नांतून आठ-दहा उपाय निघतात आणि सगळेच घेतले तर एकही टिकत नाही. पंधरा मिनिटांत दोन निवडायचे, दहा मिनिटांत ते कोण करणार आणि कधी तपासणार हे लिहायचं. परताव्याच्या पीआरवरून या टीमसाठी कोणते दोन निघतात ते रेघाच सांगतात. पहिला: गटाला गेलेल्या प्रत्येक विनंतीवर एका माणसाचं नाव पडेल. गिटहबमध्ये गटातून आळीपाळीने किंवा कामाचा भार पाहून एकाला नेमण्याची सोय आहे, ती सुरू करायला काही मिनिटं लागतात. दुसरा: दुरुस्त्या चढवल्या की पुन्हा विनंतीचं चिन्ह दाबायचं, तोवर दुरुस्ती पूर्ण झाली असं कुणी म्हणायचं नाही.

मान्यता आपोआप रद्द होण्याचा नियम काढून टाकावा, अशी सूचना इथे हमखास येते, कारण शेवटचे वीस तास त्यात गेलेले दिसतात. ती मानू नये. मान्यतेनंतर चढवलेला कोड कुणीच पाहिलेला नसतो, आणि हा कोड लोकांच्या परताव्याचे पैसे मोजतो. पीआर दोन दिवसांत उरकला असता तर कॉन्फ्लिक्ट यायची शक्यताच थोडी होती. दुखणं आधीच्या तुकड्यांत आहे.

बॉस्टनचं काय? उन्हाळ्यात पुणे बॉस्टनच्या साडेनऊ तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेदहा. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ. पाचपैकी एखाद्या पीआरच्या रेघेवर दोन शहरांमध्ये येरझाऱ्या दिसल्या, एकेका शंकेला एकेक दिवस गेलेला दिसला, तर त्या पीआरपुरता साडेसहाला पंधरा मिनिटांचा फोन ठरवावा आणि लेखी टिप्पण्यांच्या पाच फेऱ्या वाचवाव्यात. रेघेवर तसं दिसलं नाही, तर हा उपाय या वेळी घेऊ नये.

दोन आठवड्यांनी तपासायच्या गोष्टीही दोनच: किती पीआरना एका कामाच्या दिवसात पहिला प्रतिसाद मिळाला, आणि हळू चाललेल्या शेवटच्या पाव भागाला किती वेळ लागला. जोडीला त्या काळातले मोठे पीआर चाळून पाहावेत, की मान्यतेआधी त्यांवर एखादा खरा प्रश्न विचारला गेला होता का.

पाचवा पीआर अजून भिंतीवर आहे, सहा आठवड्यांपासून उघडा. त्यावर पाळीचा प्रश्न विचारला तर चिठ्ठ्या कोऱ्या येतात. त्याच्यासाठी प्रश्न वेगळा: हे आज मर्ज झालं तर कुणाला हवंय? कधी कळतं की ती सोय मागणारा ग्राहकच आता नाही, कधी कळतं की वरून निर्णय व्हायचाय आणि टीमच्या हातात काहीच नाही. पहिल्या बाबतीत तो टाकणाऱ्याशी बोलून, कारण लिहून, त्याच बैठकीत बंद करावा. दुसऱ्या बाबतीत तो ड्राफ्ट म्हणून बाजूला काढावा आणि निर्णय ज्याच्याकडे अडलाय त्याचं नाव आणि विचारणा करण्याची तारीख वर्णनाच्या पहिल्या ओळीत घालावी. दोन्हीमुळे रिव्ह्यूच्या रांगेतल्या पीआरची संख्या १८ वरून १७ होते, आणि सकाळी यादी पाहणाऱ्याला उरलेल्या सतरांबद्दल एवढी खात्री असते की त्यातला प्रत्येक कुणाची तरी वाट पाहतोय.